दोन्ही फुफ्फुसं पांढरी: दोष हृदयाचा की गळक्या केशवाहिन्यांचा? विदर्भातल्या पावसाळी तापाच्या एका रुग्णावरून

ऑगस्ट संपत आला की नागपूरच्या कॅज्युअल्टीत एका प्रकारचे रुग्ण वाढू लागतात. काटोल, नरखेड, सावनेर, उमरेड या बाजूंनी रेफर होऊन आलेला माणूस, आठवडाभराचा ताप आणि कालपासून धाप. एक्स-रे काढला की दोन्ही फुफ्फुसं पांढरी दिसतात. सोबतच्या चिठ्ठीवर 'पल्मनरी इडिमा' एवढंच लिहिलेलं असतं आणि पहिलं औषध म्हणून लॅसिक्सचं इंजेक्शन देऊन झालेलं असतं.

हृदय मागे पडल्यामुळे पाणी भरलं असेल, तर ते इंजेक्शन योग्यच आहे. पण केशवाहिन्यांच्या भिंतीच गळत असतील आणि रक्तदाब आधीच खाली असेल, तर त्याच इंजेक्शनाने रक्तदाब आणखी उतरतो, लघवी थांबते आणि फुफ्फुसं होती तशीच राहतात. म्हणून पहिल्या दोन-तीन तासांत हा फरक कसा ओळखायचा, कोणत्या खुणेवर किती भरवसा ठेवायचा आणि कोणती खूण फसवते, हे इथे एक रुग्ण डोळ्यासमोर ठेवून पायरीपायरीने मांडतो. हा रुग्ण शिकवण्यासाठी रचलेला आहे, पण त्याच्यासारखे रुग्ण आपल्याकडे दर पावसाळ्यात येतात. लेख निवासी डॉक्टर, इंटर्न आणि ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे.

आधी आत काय घडतं ते

फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतून थोडं पाणी नेहमीच बाहेर झिरपतं आणि लसिकावाहिन्या ते परत ओढून नेतात. हा हिशेब दोन प्रकारे बिघडतो. शेतातल्या पाइपलाइनचं पाहा. पुढचा व्हॉल्व्ह अडकला की मागे दाब वाढतो आणि धड असलेल्या पाइपच्या सांध्यांतूनही पाणी येऊ लागतं. दुसरीकडे दाब नेहमीचाच असतो, पण पाइपलाच भेगा पडलेल्या असतात.

पहिला प्रकार हृदयजन्य. डाव्या कप्प्यातला दाब मागे फुफ्फुसांपर्यंत पोहोचतो. निरोगी माणसात फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतला दाब साधारण 6 ते 12 मिलिमीटर असतो. तो 18 च्या वर गेला की फुफ्फुसाच्या ऊतींत पाणी साचू लागतं, आणि 25 च्या पुढे गेला की वायुकोशही भरू लागतात. भिंत शाबूत असल्याने बाहेर येणारं पाणी पातळ असतं, त्यात प्रथिनं कमी असतात.

दुसऱ्या प्रकारात जंतुसंसर्ग, सेप्सिस, पोटातलं आम्ल श्वासनलिकेत जाणं किंवा स्वादुपिंडाची सूज अशा कारणांनी भिंतच जखमी होते. तिच्यातून पाण्याबरोबर प्रथिनंही बाहेर पडतात. याचं तीव्र रूप म्हणजे एआरडीएस. श्वासनलिकेत नळी घातल्या घातल्या बाहेर आलेल्या पाण्यातली प्रथिनं रक्तातल्या प्रथिनांशी ताडून पाहिली, तर हृदयजन्य प्रकारात हे प्रमाण 0.65 च्या खाली आणि भिंत गळत असताना 0.75 च्या वर सापडतं. रोजच्या कामात ही तपासणी क्वचितच होते. पुढच्या सगळ्या खुणांमागचं कारण मात्र याच फरकात आहे, म्हणून तो मनात पक्का असू द्यावा.

रुग्ण

काटोलजवळच्या गावातले 56 वर्षांचे शेतकरी, स्वतःचा संत्र्याचा बगीचा. पाच वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी चालू. आठ दिवसांपासून थंडी वाजून ताप, डोकं ठणकणं, अंगदुखी. सातव्या दिवशी संध्याकाळी धाप सुरू झाली. नागपुरात पोहोचले तेव्हा नाडी 124, रक्तदाब 100/60, श्वासाचा वेग मिनिटाला 36, ऑक्सिजन साध्या हवेवर 82 टक्के. पिशवीच्या मास्कने मिनिटाला 12 लिटर ऑक्सिजन दिल्यावर तो 90 वर आला.

ऑक्सिजन, शिरेतली सुई, मॉनिटर आणि ईसीजी यांसाठी कोणत्याही निदानाची वाट पाहू नका. ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत हवाच, कारण हृदयविकाराचा झटका असेल तर पुढचा सगळा मार्गच बदलतो. या रुग्णाच्या ईसीजीत नाडीचा वेग सोडला तर काही नव्हतं.

पायरी पहिली: ऐकणं

निम्मं निदान याच पायरीवर होतं, आणि घाईत सर्वांत आधी हीच पायरी गाळली जाते. रुग्णाला बोलता येत नसेल तर सोबतच्या माणसाला बाजूला घेऊन बसवा आणि क्रम विचारा: आधी ताप की आधी धाप?

मुलाने सांगितलं, "ताप तं आठ दिवसापासून हाय जी. दम कालपासून लागला."

ताप आधी आणि काही दिवसांनी धाप, हा क्रम भिंतीच्या इजेकडे बोट दाखवतो. हृदयजन्य रुग्णाच्या घरचे वेगळं सांगतात: दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, रात्री दचकून उठतात, खिडकीशी जाऊन बसतात, जिना चढताना महिनाभरापासून थांबावं लागतं, पाय सुजतात. किंवा संध्याकाळपर्यंत ठणठणीत होते, मध्यरात्री छातीत दुखलं आणि तासाभरात दम कोंडला. मिनिटांत किंवा तासांत चढणारी धाप बहुतेक वेळा हृदयाची असते. भिंतीला इजा झाल्यावर धाप सहसा एक-दोन दिवसांत वाढत जाते, आणि एआरडीएसच्या व्याख्येप्रमाणे मूळ आजारानंतर एका आठवड्याच्या आत ती दिसायला हवी.

"आधी कधी जिना चढताना दम लागायचा का? पाय सुजायचे का?"

"नाही जी. बाबा तं परवापर्यंत बगीच्यात जात होते. पाय बी कधी सुजले नाहीत."

दुसरा प्रश्न सलाईनचा. तो टाळून चालत नाही, आणि विचारताना आवाजात आरोप येऊ देऊ नका, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. "गावात किती बाटल्या लावल्या?" असं सरळ विचारावं. मुलाने हिशेब सांगितला: दोन दिवस, रोज तीन बाटल्या. अर्ध्या लिटरची बाटली धरली तर तीन लिटर झाले. हा आकडा केसपेपरवर पहिल्याच पानावर लिहून ठेवा. निरोगी हृदयालाही एवढं पाणी जड जाऊ शकतं, आणि भिंत गळत असेल तर त्यातला बराच भाग थेट फुफ्फुसात उतरतो.

तिसरा प्रश्न औषधांचा. रक्तदाबाची गोळी मध्येच बंद केली का? या रुग्णाने तापात चार दिवस घेतली नव्हती. एकदम वाढलेल्या रक्तदाबाने फुफ्फुसात पाणी भरतं हे खरं, पण अशा रुग्णाचा रक्तदाब दारात पाऊल ठेवताना 180 किंवा 200 च्या वर असतो. इथे तो 100 आहे, त्यामुळे ही शक्यता मागे पडते.

पायरी दुसरी: अंगावरचे कपडे काढून तपासणी

स्टेथोस्कोपने दोन्ही बाजूंना बारीक बुडबुड्यांसारखे आवाज ऐकू आले. ते दोन्ही प्रकारांत येतात, त्यामुळे त्यांच्यावरून ठरवायला जाऊ नका. उपयोगी पडतात ते चार मुद्दे: मानेची शीर फुगलेली आहे का, हृदयाचा तिसरा ठोका ऐकू येतो का, हातपाय गार आहेत की उबदार, पायांवर सूज आहे का. तिसरा ठोका ऐकू आला तर हृदयाच्या बाजूने तो भक्कम पुरावा असतो. ऐकू आला नाही म्हणून मात्र हृदय निर्दोष ठरत नाही, कारण मिनिटाला 124 च्या वेगात आणि कॅज्युअल्टीच्या गलक्यात तो ऐकणं कठीणच असतं.

आपल्या रुग्णाची मानेची शीर सपाट होती, हातपाय उबदार, पायांवर सूज नाही.

आता कपडे पूर्ण काढून अंग नीट पाहणं. काखा, जांघा, कंबरेचा पट्टा जिथे घट्ट बसतो ती जागा, वृषणाची त्वचा, स्त्रियांमध्ये स्तनांखालची घडी. स्क्रब टायफसची खपली अशाच ठिकाणी लपलेली असते: काळी, वाळलेली, भोवती लालसर कडा, आणि दुखत नाही म्हणून रुग्णाला तिचा पत्ताही नसतो. या रुग्णाच्या उजव्या जांघेत सेंटीमीटरभराची अशी खपली होती. आधी त्यांना तपासणाऱ्या कुणीही जांघ पाहिली नव्हती.

स्क्रब टायफस ओरिएन्शिया सुत्सुगामुशी या जंतूमुळे होतो आणि गवतझुडपांत राहणाऱ्या माइट या बारीक जिवाच्या चिगर नावाच्या अळीच्या चाव्यातून अंगात येतो. पाऊस आणि त्यानंतरचे दोन महिने त्याचा हंगाम. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात त्याची मोठी साथ आली होती. हा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करतो, त्यामुळे फुफ्फुसाची भिंत गळणं हा या आजाराचा स्वभावच आहे. खपली मात्र प्रत्येकात सापडत नाही. सापडली नाही तर संशय सोडू नका, सापडली तर बाकी खुणांचा अर्थ लावणं बरंच सोपं होतं.

पायरी तिसरी: एक्स-रे

अंथरुणावर काढलेला एक्स-रे वाचताना सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून इथे थोडा जास्त वेळ थांबू.

हृदयजन्य पाण्याचं नेहमीचं चित्र असं: हृदय मोठं, वरच्या भागातल्या शिरा ठळक, मधल्या भागातून दोन्ही बाजूंना पंखांसारखी पसरलेली पांढरी छटा, कडेला खालच्या भागात आडव्या बारीक रेषा म्हणजे कर्ली-बी रेषा, श्वासनलिकांभोवती जाड कडी, आणि बहुधा दोन्ही बाजूंना छातीच्या पोकळीतही थोडं पाणी. भिंतीच्या इजेत ठिगळं ठिगळं दिसतात, तीही कडेकडेने, मध्ये हवेने भरलेल्या श्वासनलिका काळ्या रेषांसारख्या उठून दिसतात, हृदयाचा आकार नेहमीचा असतो आणि कर्ली-बी रेषा सहसा नसतात.

आपल्या रुग्णाच्या एक्स-रेत कडेकडेची ठिगळं होती. हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या 0.54 भरली. पहिल्या वाचनात निवासी डॉक्टरांनी 'हृदय मोठं आहे' असं लिहिलं. उभं राहून पाठीमागून किरण सोडून काढलेल्या एक्स-रेत 0.5 च्या वरचं हृदय मोठं मानतात. झोपवून समोरून किरण सोडले की हृदय पडद्यापासून दूर पडतं आणि मोठं दिसतं, त्यातून रुग्णाला श्वास धरून ठेवता येत नाही. म्हणून अशा चित्रात 0.55 ही रेषा धरलेली बरी. तिच्यासोबत छातीच्या वरच्या भागातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या जुडग्याची रुंदीही मोजावी. ती 70 मिलिमीटरच्या वर असेल आणि हृदयाचं प्रमाण 0.55 च्या वर असेल, तर दाब किंवा पाणी जास्त झाल्याची शक्यता वाढते. इथे ती 61 होती. हे मोजमाप उपयोगी आहे, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर निर्णय घेऊ नये. तीनचार रुग्णांमागे एकात ते चुकीच्या बाजूला झुकतं.

वरच्या शिरा ठळक दिसणं ही खूणही झोपलेल्या रुग्णात निकामी होते, कारण आडवं झालं की रक्त वर-खाली सारखंच पसरतं. वेळेचाही घोळ असतो. रुग्ण धापत असताना एक्स-रे अजून बराच स्वच्छ असू शकतो आणि रुग्ण सुधारल्यावरही काही तास पांढरा राहू शकतो.

उलट्या दिशेनेही सावध राहावं. हृदयाचा आकार नेहमीचा असूनही पाणी हृदयामुळे भरलेलं असू शकतं. हृदयाला फुगायला वेळच मिळाला नसेल तर असं होतं: नुकताच आलेला झटका, झडपेची दोरी अचानक तुटणं. झडपेची दोरी तुटते तेव्हा पाणी कधीकधी फक्त उजव्या वरच्या भागात दिसतं आणि न्यूमोनिया म्हणून प्रतिजैविकं चालू होतात. धाप मिनिटांत चढलेली आणि छातीवर नवा मर्मर असेल, तर ताबडतोब टू-डी इको करून घ्यावं.

पायरी चौथी: रक्ताच्या तपासण्या

एनटी-प्रोबीएनपी हा हृदयाच्या भिंतीवर ताण आल्यावर रक्तात वाढणारा घटक. धाप लागलेल्या रुग्णात तो 300 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर तीव्र हृदयविफलता जवळजवळ बाद करता येते. वर असेल तर वयाप्रमाणे रेषा बदलते: पन्नाशीच्या आत 450, 50 ते 75 वयात 900, त्यापुढे 1800. तुमच्याकडे बीएनपी होत असेल तर 100 च्या खाली हृदयाची शक्यता कमी, 500 च्या वर जास्त, आणि मधला पट्टा काहीच ठरवत नाही.

आपल्या रुग्णाचा एनटी-प्रोबीएनपी 1450 आला. नुसती रेषा पाहिली तर उत्तर 'हृदय' असं येतं. पण क्रिएटिनिन 1.9 होतं, आणि मूत्रपिंड मंद झालं की हा घटक रक्तात साचतो. सेप्सिसमध्येही तो वाढतो. म्हणून आजारी, तापलेल्या, मूत्रपिंड बिघडलेल्या माणसात थोडा वाढलेला आकडा काही सिद्ध करत नाही. त्याची खरी किंमत तो कमी आल्यावर असते. एक अपवाद सांगतो: फार लठ्ठ माणसात तो अपेक्षेपेक्षा कमी येतो. आणि सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल तर बीएनपी त्या गोळीमुळेच वाढतो, तेव्हा एनटी-प्रोबीएनपीच करावा.

ट्रोपोनिन 62 नॅनोग्रॅम आलं, तीन तासांनी 66. वाढलेलं आहे, पण हललेलं नाही. झटक्यात ते काही तासांत चढताना किंवा उतरताना दिसतं. सेप्सिसमध्ये थोडं वाढून जवळपास तिथेच थांबलेलं ट्रोपोनिन नेहमी भेटतं.

या रुग्णात जास्त बोलके ठरतात ते साधे रिपोर्ट. प्लेटलेट 48,000, यकृताची एएसटी 180 आणि एएलटी 130, बिलिरुबिन 2.1, अल्ब्युमिन 2.4. ताप, कमी प्लेटलेट, सुजलेलं यकृत आणि पांढरी फुफ्फुसं असे चार एकत्र आले की आपल्या भागात स्क्रब टायफस, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि मलेरिया यांचा विचार लगेच करायचा. डेंग्यूचा एनएस-1 आणि मलेरियाचा स्मीअर पाठवावा. स्क्रबची आयजीएम एलायझा पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तिच्या रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवू नये. वेल-फेलिक्स निगेटिव्ह आली म्हणून तर स्क्रब अजिबात बाद करू नये.

धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, नाकातून जोराने दिलेल्या 60 टक्के ऑक्सिजनवर पीएओटू 72 होता. 72 भागिले 0.6, म्हणजे 120. हे प्रमाण इजा किती मोठी आहे ते सांगतं: 300 च्या आत सौम्य, 200 च्या आत मध्यम, 100 च्या आत तीव्र. कारण मात्र सांगत नाही. हृदयजन्य पाण्यातही हा आकडा 120 येऊ शकतो. धमनीची तपासणी होत नसेल तर 2023 च्या व्याख्येप्रमाणे बोटावरचा ऑक्सिजन आणि दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण वापरता येतं. बोटावर 97 किंवा त्याच्या खाली असताना हे प्रमाण 315 किंवा त्याहून कमी असावं लागतं. इथे 92 भागिले 0.6, म्हणजे 153.

पायरी पाचवी: सोनोग्राफीचा प्रोब छातीवर

हातातलं सोनोग्राफी यंत्र जिथे आहे तिथे ही पायरी एक्स-रेच्याही आधी उरकावी. दोन बरगड्यांच्या मधल्या एकाच जागेत वरून खाली उतरणाऱ्या तीन किंवा जास्त चमकदार रेषा, म्हणजे बी-रेषा, दिसल्या तर तिथे पाणी आहे. त्या दोन्ही प्रकारांत असतात. फरक बाकीच्या गोष्टींत असतो. हृदयजन्य पाण्यात रेषा दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या असतात, खाली जास्त, आणि फुफ्फुसाच्या कडेची चमकदार ओळ गुळगुळीत, सरकती असते. भिंतीच्या इजेत ती ओळ खडबडीत आणि जाड दिसते, सरकणं कमी होतं, तिच्याखाली छोटे घट्ट डाग असतात, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रेषांनी भरलेल्या जागेच्या शेजारीच एखादा तुकडा अगदी निरोगी सापडतो. या रुग्णात तसंच होतं.

मग टू-डी इको. पंपिंग 58 टक्के, डाव्या कप्प्याचा दाब सांगणारं ई भागिले ई-प्राइम 8, आणि पोटातली मोठी शीर 1.6 सेंटीमीटर, श्वासाबरोबर दबणारी. हे प्रमाण 14 च्या वर असतं तर वाढलेल्या दाबाचा संशय बळावला असता.

'पंपिंग छान आहे, म्हणजे हृदय नाही' हे वाक्य मी वॉर्डात नेहमी ऐकतो आणि ते धोक्याचं आहे. जुन्या रक्तदाबाने ताठर झालेलं हृदय 60 टक्के पंपिंग दाखवतं आणि तरीही मागे दाब वाढवतं. आणि संधिवाताच्या तापाने आखडलेली मिट्रल झडप आपल्याकडे अजूनही भेटते. सातव्या महिन्यातली गरोदर तरुणी धापत येते, डाव्या कप्प्याचं पंपिंग उत्तम असतं, दोष झडपेत असतो. म्हणून इकोत झडपा आणि दाब दोन्ही पाहिल्याशिवाय हृदयाला क्लीन चिट देऊ नका.

पायरी सहावी: निर्णय

आता सगळं एका ओळीत. ताप आधी, उबदार हातपाय, सपाट मानेची शीर, जांघेतली खपली, कडेकडेची ठिगळं, कमी प्लेटलेट, खडबडीत कडा, इकोत दाब वाढलेला नाही. विरोधात दोनच गोष्टी होत्या, हृदयाचं 0.54 आणि एनटी-प्रोबीएनपी 1450, आणि दोन्हींना दुसरं पटणारं कारण आहे. निदान: स्क्रब टायफसमुळे एआरडीएस, गावातल्या सलाईनने त्यात भर.

त्यामुळे लॅसिक्स थांबवलं. डॉक्सिसायक्लिन शिरेतून 200 मिलिग्रॅम, मग दर 12 तासांनी 100, सोबत ॲझिथ्रोमायसिन. गंभीर स्क्रब टायफसमध्ये दोन्ही एकत्र देणं एकेकटं देण्यापेक्षा सरस ठरल्याचं भारतात झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं आहे. सलाईन मोजून, रक्तदाब घसरला तर नॉरॲड्रेनालिन लवकर. रात्री श्वास थकला म्हणून नळी घालून व्हेंटिलेटर लावला. उंची 165 सेंटीमीटर, त्यावरून अपेक्षित वजन 61.5 किलो, किलोला 6 मिलिलिटर म्हणजे दर श्वासाला सुमारे 370 मिलिलिटर. अंदाजाने 500 ठेवलं असतं तर जखमी फुफ्फुसाला आणखी इजा झाली असती.

हेच चित्र उलटं असतं, म्हणजे रक्तदाब 200, गार घामेजलेले हातपाय, फुगलेली शीर, दोन तासांची धाप, तर घट्ट मास्कचा व्हेंटिलेटर, नायट्रोग्लिसरीन आणि 40 मिलिग्रॅम लॅसिक्स हा मार्ग होता. त्यात तासाभरात श्वासाचा वेग उतरताना दिसतो आणि एक-दोन दिवसांत एक्स-रे बराच उजळतो. भिंतीची इजा इतक्या लवकर निवळत नाही. पण नुसतं 'देऊन पाहू' म्हणून 90 च्या रक्तदाबावर लॅसिक्स देणं ही तपासणी होऊ शकत नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून

ताप उतरला, प्लेटलेट 80,000 झाल्या, नॉरॲड्रेनालिन बंद होऊन 14 तास झाले. तरी ऑक्सिजनचं प्रमाण 150 च्या पुढे सरकेना. अशा वेळी पहिल्या दिवशीचं निदान धरून बसायचा मोह होतो. पुन्हा प्रोब लावला तेव्हा दोन्ही बाजूंना छातीच्या पोकळीत पाणी होतं आणि बी-रेषा आता सगळीकडे सारख्या. इकोत पंपिंग 42 टक्क्यांवर आलेलं, दाबाचं प्रमाण 16, ट्रोपोनिन 410, एनटी-प्रोबीएनपी 3900. स्क्रब टायफस हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो. गळकी भिंत, थकलेलं हृदय आणि चार दिवसांत औषधांच्या बाटल्यांतून साचलेलं पाणी असे तिन्ही एकत्र आले होते. वाढलेल्या दाबाचा पुरावा पहिल्या दिवशी नव्हता, आता आहे, आणि रक्तदाबही लॅसिक्स सोसू शकतो. 20 मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, लघवी आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवलं. 36 तासांत दोन लिटर जास्तीचं पाणी निघालं आणि प्रमाण 230 वर गेलं.

हे दोन प्रकार एकाच माणसात एकत्र असू शकतात, आणि एकामागून एक येऊही शकतात. एआरडीएसच्या व्याख्येतही 'हृदय किंवा जादा पाण्याने पूर्ण खुलासा होत नसेल तर' असं आहे. हृदय अजिबात दोषी नसावं अशी अट नाही. म्हणून केसपेपरवर एकच शिक्का मारण्याऐवजी दोन ओळी लिहाव्यात: भिंत गळतेय का, कशामुळे, दाब वाढलाय का, कशामुळे. आणि प्रगती थांबली की दोन्ही ओळी नव्याने तपासाव्यात.

रेफर करताना चिठ्ठीत काय लिहावं

ग्रामीण रुग्णालयात इको किंवा एनटी-प्रोबीएनपी नसतं, पण नागपूरच्या डॉक्टरांना सर्वांत जास्त लागणारी माहिती तुमच्याकडेच असते. ताप कितव्या दिवशी आला आणि धाप कितव्या दिवशी. आल्यावर रक्तदाब किती होता, सलाईन देण्याआधीचा आणि नंतरचा. एकूण किती मिलिलिटर पाणी गेलं आणि किती लघवी झाली. लॅसिक्स दिलं असेल तर किती वाजता, त्यानंतर काय झालं. खपली पाहिली का, कुठे. डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस दिला असेल तर त्याची वेळ. पहिल्या दिवशीचा एक्स-रे असेल तर तो रुग्णासोबतच पाठवा, कारण ताप असताना फुफ्फुसं स्वच्छ होती आणि तीन लिटर सलाईननंतर पांढरी झाली, हे त्याच्याशी ताडल्यावरच कळतं.